पासबुकात दिसेपर्यंत साडी घडीतून हलवू नका

«ताई, नमस्कार. मी गडहिंग्लजजवळच्या एका गावातून दीड वर्ष व्हॉट्सअॅपवर आणि इन्स्टाग्रामच्या पेजवर इरकल आणि खणाच्या साड्या विकते. महिन्याला पंचवीस-तीस साड्या जातात. मागच्या महिन्यात एकीने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला. मी २,८५० रुपयांची साडी कुरिअर केली, पैसे आलेच नाहीत. त्याच आठवड्यात एकच साडी दोघींना 'हो' म्हणून बसले. आता नाशिकच्या एक ताई चार साड्या घेणार आहेत, पण म्हणतात, 'तुमचं दुकान नाही, आधी पैसे कसे टाकू?' घरचे म्हणतात, कॅश ऑन डिलिव्हरी सुरू कर. करू का?»
— एक वाचक, गडहिंग्लज तालुका

ताई, गेलेल्या साडीचं आधी बघू. कुरिअरच्या पावतीवरचा नंबर टाकून पार्सल पोचलं का ते पाहा. पोचलं नसेल तर कुरिअर ऑफिसला फोन करून ते परत मागवता येतं, आणि हे आजच करा. पोचलं असेल तर cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा किंवा १९३० वर फोन लावा. तो स्क्रीनशॉट, पूर्ण चॅट, कुरिअरची पावती आणि ज्या पत्त्यावर, ज्या मोबाइल नंबरवर साडी गेली ते सगळं जोडा. एक मात्र खरं सांगते. १९३० चा मोठा उपयोग होतो तो आपल्या खात्यातून पैसे गेलेले असतात तेव्हा, कारण ते वाटेत अडवता येतात. तुमच्याकडून पैसे नाहीत, माल गेला आहे. बँकेत अडवण्यासारखं काही नाही. तरीही तक्रार करा. तोच नंबर आणखी दहा जणींना फसवत असतो, आणि तुमच्याकडे तिचा पत्ता आहे, जो बाकीच्यांकडे बहुतेक नसतो.

आता पुढचं. स्क्रीनशॉट खरा की खोटा हे ओळखायला शिकायचंच नाही. फॉन्ट कसा आहे, वेळ जुळते का, हिरवी खूण कुठे आहे, असं बघत बसणाऱ्या अनेक जणी मी पाहिल्या आणि मीही बसले आहे. हुबेहूब दिसणारी खोटी पेमेंट अॅप मिळतात. त्यात नाव आणि रक्कम टाकली की 'पैसे पोचले'चं चित्र आवाजासकट तयार होतं. त्यामुळे स्क्रीनशॉट आला की 'थँक्यू, खात्यात बघून सांगते' एवढंच लिहायचं आणि आपल्या बँकेच्या अॅपमध्ये खात्याचा उतारा उघडायचा. रक्कम तिथे जमा दिसली तरच पैसे आले. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो, बहुतेक अॅपमध्ये तो यूटीआर म्हणून दिसतो. गिऱ्हाइकाकडून त्याचे शेवटचे चार आकडे मागून घ्या आणि उताऱ्यातल्या नोंदीशी जुळवा. एकाच दिवशी १,४५० च्या दोन नोंदी आल्या की कुठली कुणाची हा घोळ त्यानेच सुटतो.

बँकेच्या एसएमएसवरही विसंबू नका. तो कधी उशिरा येतो, कधी येतच नाही, आणि दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला असेल तर तो बँकेचा नसतोच. फसवणुकीचा एक प्रकार नेमका यावरच चालतो. 'ताई, चुकून १,४५० ऐवजी १४,५०० पाठवले, वरचे परत करा ना, दवाखान्यात आहे' असा फोन येतो आणि त्याआधी जमा झाल्याचा खोटा मेसेज येऊन पडलेला असतो. उतारा उघडला तर खात्यात काहीच नसतं. दुसरा प्रकार 'मी सैन्यात आहे, कॅन्टीनसाठी वीस साड्या हव्यात' म्हणणाऱ्याचा. तो क्यूआर कोड पाठवतो आणि म्हणतो, हा स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. पैसे घेताना यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे आपल्याकडून जायचे आहेत.

कधी गिऱ्हाईक खरं असतं आणि पैसे खरंच अडकतात. तिच्या खात्यातून वजा होतात, तुमच्याकडे येत नाहीत. ती रडकुंडीला येते, आपल्यालाही वाईट वाटतं, आणि 'जाऊ दे, येतील' म्हणत आपण साडी पाठवून देतो. पाठवू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे तिच्या खात्यात आपोआप परत जायला हवेत. साध्या खात्यावर पाठवले असतील तर दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानदाराच्या क्यूआरवर भरले असतील तर पाच दिवसांत. तिला हेच शांतपणे लिहा आणि तेवढे दिवस साडी तिच्या नावाने बाजूला ठेवा. खरी असेल तर ती थांबते.

परतावा द्यायची वेळ आली तर पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करायचे. 'माझ्या भावाच्या नंबरवर टाका' म्हटलं तरी नाही. दुसऱ्याच कुणाची फसवणूक करून मिळवलेले पैसे तुमच्याकडून फिरवून नेले, तर तपासात तुमचंही खातं गोठवलं जाऊ शकतं. म्हणून या धंद्यासाठी बचत खातं वेगळंच ठेवा. घरखर्च, मुलांची फी, बचत गटाचा हप्ता त्यात नको. एक अडकलं तरी चूल चालू राहते, आणि उतारा बघताना शंभर नोंदींत गिऱ्हाइकाची शोधत बसावं लागत नाही.

एक साडी दोघींना दिली गेली ती तुमच्या विसराळूपणामुळे नाही. व्हॉट्सअॅप बिझनेसच्या कॅटलॉगला नग मोजताच येत नाहीत. त्यात फोटो, भाव, वर्णन, कोड एवढं बसतं. गिऱ्हाईक कार्ट भरून पाठवतं, पण ती कार्ट म्हणजे एक मेसेज असतो. तिकडे दुसरी बाईही तीच साडी कार्टमध्ये घालू शकते, अॅप तिला अडवत नाही. कारखान्यातून एका रंगाचे पन्नास टॉप येतात त्यांचं यावाचून अडत नाही. तुमच्याकडे हातमागाची प्रत्येक साडी एकुलती एक असते, त्यामुळे नगाचा हिशोब तुम्हालाच ठेवावा लागणार.

मी वहीत ठेवत असे, आणि अजूनही वहीच सांगेन. प्रत्येक साडीला घरी आल्या आल्या कोड द्या, 'इ-४१', 'ख-१२' असा. तो चिठ्ठीवर लिहून घडीत ठेवा, कॅटलॉगमध्ये लिहा, इन्स्टाच्या फोटोखालीही लिहा. वहीत कोडसमोर चार रकाने पुरतात. कुणासाठी धरली आणि किती वाजता, पैसे कधी आले, पार्सल कधी गेलं, पोचल्याचं कधी कळलं. 'ती हिरवी, मोराची' असं बोलणं बंद झालं की निम्मा घोळ जागीच संपतो.

आणि साडी धरून ठेवायला वेळेची मर्यादा हवी. मी तीन तास ठेवत असे, रात्री नऊनंतर विचारलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत. ते शब्दांत लिहायचं. 'इ-४१ तुमच्यासाठी दुपारी चारपर्यंत बाजूला ठेवली आहे. तोपर्यंत पैसे आले नाहीत तर पुढच्या ताईंना देईन.' पहिले काही दिवस हे लिहिताना हात अडखळतो, कारण आपल्याला वाटतं गिऱ्हाईक दुखावेल. माझा अनुभव उलटा आहे. 'बघते, सांगते' म्हणणाऱ्या बायका वेळ दिली की ठरवतात. दुसरीने विचारलं तर 'ती चारपर्यंत धरलेली आहे, सुटली तर आधी तुम्हाला सांगते' असं खरं ते सांगा आणि तिचं नाव वहीत त्याच ओळीत लिहा. साडी धरली की कॅटलॉगमध्ये ती लपवायची सोय आहे, ती वापरा. विकली गेली की काढून टाका. इन्स्टाच्या फोटोखाली 'विकली' लिहा, तो फोटो मात्र राहू द्या. नव्याने येणाऱ्या बाईला पेजवर विकल्या गेलेल्या साड्या दिसल्या तर ते बरंच असतं.

व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये चॅटला लेबल लावता येतं, ते तुमच्या महिन्याच्या पंचवीस-तीस साड्यांना पुरेसं आहे. तीनच लेबल करा, 'धरली', 'पैसे आले' आणि 'पार्सल गेलं'. रोज रात्री 'पैसे आले' लेबल उघडायचं, त्यात जेवढ्या चॅट तेवढी पार्सलं उद्या बांधायची. शिवाय ठरलेली उत्तरं साठवून ठेवता येतात आणि `/` टाइप करून काढता येतात. पैसे कसे भरायचे, पत्ता कसा लिहायचा, बदलून कधी मिळेल हे तीन मेसेज एकदा नीट लिहून ठेवा. पत्त्याच्या मेसेजमध्ये नाव, पिनकोड, जवळची खूण आणि कुरिअरवाल्यासाठी चालू मोबाइल नंबर हे सगळं मागा. पार्सल चिकटवण्याआधी तोच पत्ता तिला परत पाठवून 'बरोबर आहे ना?' विचारा. घर नंबर चुकला म्हणून परत आलेल्या पार्सलचा खर्च कुणी उचलायचा यावरचे वाद मी पुष्कळ केले आहेत.

कॅश ऑन डिलिव्हरीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या मालाला आणि तुमच्या भांडवलाला ती नको. आकडे मांडून बघू. समजा साडी १,८०० ची, त्यात तुमचे ३५० सुटतात. एका पार्सलचा जायचा खर्च ९० रुपये, परत यायचा तेवढाच, आणि रोख गोळा करण्याचा आकार ५०. ज्या पार्सल स्वीकारतात त्यांच्याकडून जायचे ९० तुम्ही घेता असं धरू. दहा पार्सलं पाठवली, सात घेतली गेली, तीन परत आली. सातांवर सुटले २,४५०, त्यातून आकाराचे ३५० गेले, राहिले २,१००. परत आलेल्या तिघींचे जाऊन-येऊन १८० प्रमाणे ५४० खिशातून गेले. हातात १,५६०. आता त्याच दहा जणींना 'आधी पैसे' म्हटलं आणि निम्म्या निघून गेल्या असं धरा. उरलेल्या पाचांवर १,७५० सुटतात, आणि कुरिअरचा खर्च गिऱ्हाइकाने दिलेला असतो. म्हणजे निम्मी गिऱ्हाइकं गमावूनही तुम्ही पुढे आहात. तुमच्या कुरिअरवाल्याचे खरे दर विचारून हा हिशोब स्वतः मांडा, आकडे बदलतील, पण परतीचा खड्डा बदलणार नाही.

या हिशोबात न दिसणारी एक गोष्ट आणखी आहे. परत येणारी साडी पंधरा-वीस दिवस वाटेत असते. संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी मागवलेली काळी साडी फेब्रुवारीत परत आली तर ती पुढच्या वर्षापर्यंत कपाटात. रोखीचे पैसेही कुरिअर कंपनी लगेच देत नाही, काही दिवसांनी एकत्र जमा करते. विणकराला तर तुम्ही रोख देऊन आलेल्या असता.

मधला मार्ग हवा असेल तर असा. नवीन गिऱ्हाइकाने कुरिअरचे पैसे आणि वर दोनशे रुपये आधी भरायचे, साडी बांधून तयार झाल्याचा व्हिडिओ बघून बाकीचे भरायचे, मग पार्सल निघेल. बाई खरी असेल तर दोनशे रुपयांना नाही म्हणत नाही. आणि नुसती गंमत म्हणून मागवणारी इथेच गळते.

आता नाशिकच्या ताईंचं. त्यांची शंका रास्त आहे, आणि तुम्ही तुमच्या २,८५० रुपयांवरून ती समजू शकता. दुकानात बाई साडी हाताने चाचपते, उजेडात धरते, आणि उद्या भांडायला यायचं तर पायरी कुठे आहे हे तिला माहीत असतं. या तिन्ही गोष्टी तुम्हाला फोनवरून द्यायच्या आहेत.

चाचपणं म्हणजे तुमच्या मालाच्या बाबतीत काय? इरकलचा पदर अंगाला फासे घालून जोडलेला असतो, ज्याला तोप-तेणी म्हणतात. त्या जोडाच्या ओळीचा जवळून फोटो टाका, उलट्या बाजूचाही. जाणकार बाई तेवढ्यावर ओळखते. साडी हातमागाची की यंत्रमागाची, अंग सुती की रेशीममिश्रित, लांबी किती, ब्लाउजपीस आहे की नाही, पहिल्या धुण्यात रंग जाईल का, हे वर्णनात आधीच लिहा. यंत्रमागाची साडी विकण्यात काही कमीपणा नाही, पण तसं लिहा. 'प्युअर' हा शब्द तुम्ही स्वतः विणकराकडून खात्री केल्याशिवाय वापरू नका. भाव उघड लिहा. 'किंमत मेसेजमध्ये विचारा' असं असलं की गिऱ्हाइकाला वाटतं माणूस बघून भाव सांगतात. आणि रंग. ट्यूबलाइटखाली काढलेल्या जांभळ्या साडीने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं, पोचली तेव्हा ती त्या बाईंना वांगी रंगाची दिसली, आणि त्यांचं बरोबर होतं. सकाळी दहाच्या सुमाराला, दारात, ऊन अंगावर न घेता फोटो काढा, फिल्टर लावू नका, आणि पैसे घेण्याआधी त्याच साडीचा कोडच्या चिठ्ठीसकट दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवा.

पायरी म्हणजे तुमचा पत्ता. गावाचं नाव, पूर्ण नाव, वेळ हे व्हॉट्सअॅपच्या बिझनेस प्रोफाइलवर असू द्या. घराचा नेमका पत्ता टाकायला संकोच वाटत असेल तर गाव आणि तालुका पुरे. आणि एक बारीकशी गोष्ट, जी फार जणी विसरतात. पेजचं नाव एक असतं आणि पैसे भरताना पडद्यावर दिसतं दुसरंच, बहुधा नवऱ्याचं किंवा सासऱ्यांचं. गिऱ्हाईक नेमकं त्या क्षणी थबकतं आणि माघारी फिरतं. खातं तुमच्या नावाचं करा आणि पैशांच्या मेसेजमध्ये आधीच लिहा, 'भरताना अमुक नाव दिसेल, दुसरं दिसलं तर भरू नका, मला फोन करा.' तेच इन्स्टाच्या पेजवर सर्वांत वर लावून ठेवा. कारण पेज थोडं चालायला लागलं की तुमचेच फोटो उचलून दुसऱ्या नंबरवर पैसे गोळा करणारे निघतात, आणि शिव्या तुम्हाला बसतात.

त्याच कारणासाठी व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून सहा आकडी पिन लावा, आणि एसएमएसने आलेला सहा आकडी कोड कुणालाही सांगू नका, ओळखीच्या नंबरवरून मागितला तरी. तुमचा नंबर दुसऱ्याच्या हाती गेला तर तो दीड वर्षात जमवलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना तुमच्या नावाने पैसे मागेल.

बदलून देण्याचा नियम एकच ठेवा आणि विक्रीआधी सांगा. माझा असा होता. विणीत दोष असेल, फाटलेली असेल किंवा दुसरीच साडी गेली असेल तर पोचल्यापासून तीन दिवसांत कळवा, दोन्ही बाजूंचा खर्च माझा, साडी हाती आली की दोन दिवसांत पैसे परत. नुसती आवडली नाही तर बदलून मिळेल, पण कुरिअर तुमचं. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मी मागत असे, आणि बांधतानाचा स्वतः काढून पाठवत असे. कोड, साडी, पिशवी, चिकटपट्टी, पत्ता, सगळं एकाच सलग व्हिडिओत. मग वाद उरतच नाही.

नाशिक महाराष्ट्रातच आहे, पण हैदराबाद, बंगळूरहून विचारणा आली तर एक लक्षात घ्या. राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी सामान्यतः जीएसटी नोंदणी लागते. ठरावीक हस्तकला वस्तूंना सवलत आहे, यंत्रमागाच्या साडीला ती धरून चालू नका. पहिलं परराज्यातलं पार्सल जाण्याआधी गडहिंग्लजमधल्या एखाद्या कर सल्लागाराकडे तुमच्या मालाची यादी घेऊन जा. कर्नाटकातून आणून महाराष्ट्रात विकताना हा राज्याबाहेरच्या विक्रीचा प्रश्न येत नाही.

नाशिकच्या ताईंना चारही साड्यांचे एकदम पैसे मागू नका. त्यांना आज एवढं लिहा, तुमच्या भाषेत, आणि आधी एक फोन करून बोला:

'ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. आधी एकच साडी घ्या. चारही साड्यांचा सकाळच्या उजेडातला व्हिडिओ कोडसह पाठवते, त्यातली एक निवडा. पैसे भरताना माझं नाव दिसेल, तेच खात्याचं नाव आहे. त्याच दिवशी बांधतानाचा व्हिडिओ आणि स्पीड पोस्टचा नंबर पाठवते. साडी हातात घेऊन बघा, पदराचा जोड बघा. मनासारखी नसेल तर तीन दिवसांत सांगा, यावेळी परत पाठवण्याचा खर्चही माझा. बाकीच्या तीन साड्या तुमच्या नावाने आठ दिवस धरून ठेवते, त्याचे पैसे आत्ता नकोत.'

तीन तासांचा नियम इथे मी स्वतःच मोडायला सांगते आहे, कारण चार साड्या आहेत आणि बाई विचारपूर्वक बोलते आहे. वहीत मात्र तिन्ही कोडसमोर तिचं नाव आणि आठव्या दिवसाची तारीख आत्ताच लिहून टाका.